तीन नंबरच्या कीबोर्डवर ‘महाराष्ट्र’

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : संगणक कक्षातील नादुरुस्त कीबोर्ड व माऊस दुरुस्त करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंती की, संगणक कक्षातील बरेच कीबोर्ड व माऊस खराब झाले असून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकास अडचण येत आहे. तरी ते दुरुस्त करून मिळावेत, ही विनंती.’

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेच्या फायलीत संगणक कक्ष सांभाळणाऱ्या मॅडमचा हा अर्ज लावलेला आहे. समासात मुख्याध्यापकांचा शेरा आहे : ‘पाहिले.’ त्याखाली सही आणि तारीख. त्यानंतर जवळजवळ एक सत्र काहीच घडलं नाही. त्याच फायलीत पुढे त्याच मॅडमचा, त्याच विषयाचा दुसरा अर्ज आहे. तो दोन पानांचा आहे, त्याला एक तक्ता जोडलेला आहे आणि त्यावरचा शेरा पाच ओळींचा आहे. या दोन अर्जांच्या दरम्यान संगणक कक्षात काय झालं, ते मला जाणून घ्यायचं होतं. कारण पहिल्यासारखे अर्ज राज्यातल्या कितीतरी शाळांच्या फायलींत असतील. दुसऱ्यासारखा माझ्या पाहण्यात हा एकच.

मॅडम मुळात विज्ञान शिकवतात. केंद्राच्या आयसीटी योजनेतून शाळेला संगणक मिळाले तेव्हा पुरवठादार कंपनीनेच निदेशकही दिला होता. कराराची मुदत संपली, निदेशक गेले आणि कक्षाची किल्ली विज्ञानाच्या शिक्षिकेकडे आली. पंधरा संगणक, पंधरा कीबोर्ड, पंधरा माऊस. त्यांतले काही मूळचे, काही नंतर कोणीतरी देणगी म्हणून दिलेले.

पहिला अर्ज का अडला, हे मुख्याध्यापकांनी मला सरळ सांगितलं. “‘बरेच’ म्हणजे किती? दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे? पैसे किती लागणार? यातलं एकही त्या कागदावर नव्हतं. मी मंजुरी कशाला देणार?” मॅडमनी तेव्हा तोंडी सांगून टाकलं होतं, “सर, सगळेच नवे घेऊ या.” दुकानदाराने कीबोर्डला साडेचारशे आणि माऊसला अडीचशे रुपये सांगितले होते.

रक्कम फार मोठी नव्हती. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदान मिळतं. 251 ते 1000 विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी ते वर्षाला 75 हजार रुपये आहे. बंद पडलेली साधनं बदलण्यासाठी ते वापरता येतं. पण विजेचं बिल, प्रयोगशाळेचं साहित्य, किरकोळ डागडुजी हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. “शिवाय पैसे येतात हप्त्याने,” सर म्हणाले. “आणि लेखापरीक्षणात पहिला प्रश्न असतो, जुने कुठे गेले? जडवस्तू संग्रह नोंदवहीत पंधरा कीबोर्ड लिहिलेत. नवे घेतले तर जुन्यांचं काय झालं ते कागदावर दिसायला हवं.”

म्हणून मॅडमनी दुसऱ्या अर्जाची सुरुवात मोजणीपासून केली. प्रत्येक कीबोर्डच्या पाठीवर चिकटपट्टी लावून क्रमांक टाकला आणि शाळा सुटल्यावर एकेक तपासायला घेतला.

मोजायला बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की जे खराब म्हणून बाजूला ठेवलं होतं ते सगळं खराब नव्हतं. नऊ कीबोर्ड आणि आठ माऊस बाद समजले होते. त्यांतल्या एका कीबोर्डवर कळ दाबली तर काहीच उमटत नसे, मात्र बराच वेळ दाबून धरली की अक्षर येई. मॅडमनी तो दुसऱ्या संगणकाला जोडला तर उत्तम चालला. दोष संगणकाच्या सेटिंगमध्ये होता. विंडोजमध्ये उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ‘फिल्टर कीज’ नावाची सोय चालू होते. हात थरथरणाऱ्या माणसाच्या मदतीसाठी ती दिलेली आहे. चुकून लागलेले ओझरते स्पर्श ती गाळून टाकते. एखादा मुलगा शिफ्टवर बोट ठेवून शेजाऱ्याशी बोलत बसला, पडद्यावर आलेल्या चौकटीला त्याने न वाचताच ‘होय’ म्हटलं आणि कीबोर्ड ‘मेला’. एका माऊसचंही तसंच झालं होतं. तो संगणकाच्या पुढच्या यूएसबी खाचेत चालत नव्हता, मागच्या खाचेत लावताच चालू झाला. ती पुढची खाच वर्षानुवर्षं पेनड्राइव्ह घालून-काढून ढिली झाली होती.

संशयित वस्तू दुसऱ्या संगणकाला लावून पाहायची. दोष तिच्याबरोबर गेला तर दोष तिचा. जागेवरच राहिला तर संगणकाचा किंवा खाचेचा. एवढी एक चाचणी केली तरी बाद मालाची यादी आखडते. पीएस-टू पद्धतीच्या जुन्या गोल पिनेचे कीबोर्ड असतील, तर मात्र अदलाबदल करताना संगणक बंद करावा लागतो. ती जोडणी चालू संगणकात काढण्या-घालण्यासाठी केलेलीच नाही.

उरले आठ कीबोर्ड आणि सात माऊस. म्हणजे चांगल्यांची कशीही जोडी लावली तरी पूर्ण चालणाऱ्या जागा सातच. नववीच्या वर्गात 49 मुलं. पस्तीस मिनिटांच्या तासात एका संगणकावर सात जण बसले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. पंधराही जागा चालू असत्या तर दहाएक मिनिटं आली असती. दुसऱ्या अर्जाचा पहिला परिच्छेद हा असा आहे. ‘अडचण येत आहे’ याच्या जागी ‘प्रत्येक विद्यार्थ्यास पाच मिनिटे’ आलं.

यापुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मॅडमनी प्रत्येक कीबोर्डवर नोटपॅड उघडून सगळ्या कळा ओळीने दाबल्या आणि कोणत्या उमटत नाहीत ते लिहिलं. तीन नंबरच्या कीबोर्डसमोर त्यांनी लिहिलं होतं : ‘3, E, D, C बंद. बाकी सर्व चालू.’

इंग्रजीत चार कळा बंद म्हणजे थोडी गैरसोय, असं वाटू शकेल. पण मुलं मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट मांडणीने शिकतात. ही मांडणी 1991च्या भारतीय मानकात घेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. त्यात E वर काना आहे, D वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण, आणि C वर ‘म’. मॅडमनी त्या कीबोर्डवर ‘महाराष्ट्र’ टाइप करून दाखवलं. सगळ्या कळा योग्य क्रमाने दाबल्या. पडद्यावर आलं : ‘हरषटर’. ‘म’ गेला, दोन्ही काने गेले, दोन्ही हलन्त जाऊन जोडाक्षर सुटं पडलं. त्या जागेवर बसणारी मुलगी आपलंच चुकतंय असं समजून कितीतरी दिवस तो शब्द पुन्हा पुन्हा टाइप करत होती, असं मॅडम म्हणाल्या. ‘हरषटर’ची ती ओळ त्यांनी छापून अर्जाला जोडली.

आता 3, E, D, C याच चार कळा एकत्र का जाव्यात? शाळांत असतो तसला स्वस्त कीबोर्ड उघडला की आत तीन पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे दिसतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईने रेघा ओढलेल्या असतात आणि मधला पापुद्रा दोघांना वेगळं ठेवतो. जिथे जिथे कळ आहे तिथे मधल्या पापुद्र्याला भोक असतं. कळ दाबली की रबराची टोपी खाली बसते, वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते आणि सोडली की टोपी पुन्हा वर येते. कळा शंभरावर असतात, पण प्रत्येकीला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, साधारण पंचवीस-सव्वीस रेघांची. कोपऱ्यातली छोटी चकती एकामागून एक रेघ तपासत असते आणि कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली यावरून अक्षर ओळखते. बऱ्याच कीबोर्डांत 3, E, D, C या चारही कळा एकाच रेघेवर असतात. ती रेघ कुठेही तुटली तर तिच्यावरच्या कळा एकदम जातात.

म्हणून बंद कळांची यादी हेच निदान असतं. एकच कळ बंद असेल तर बहुधा तिच्याखाली घाण बसली आहे किंवा रबराची टोपी फाटली आहे. ठरावीक तीन-चार कळा एकत्र बंद असतील तर रेघेचा किंवा रेघ चकतीला जिथे टेकते त्या जागेचा दोष. एक कळ दाबल्यावर दोन अक्षरं येत असतील किंवा न दाबताच एखादं अक्षर धावत सुटत असेल, तर आत पाणी गेलं आहे. आणि काहीच चालत नसेल, दिवेही लागत नसतील, तर केबल किंवा पिन. ‘कीबोर्ड खराब’ या दोन शब्दांत हे चार वेगळे आजार झाकले जातात आणि चौघांचा खर्च वेगळा असतो.

रेघेचा दोष असलेले कीबोर्ड दोन होते, तीन नंबरचा आणि अकरा नंबरचा. ते उघडताना मी तिथे होतो. तालुक्याच्या गावातला मोबाइल आणि संगणक दुरुस्त करणारा एक तरुण मॅडमच्या ओळखीचा. या शाळेचाच माजी विद्यार्थी. त्याने तीन नंबर पालथा घातला आणि मागचे स्क्रू काढले. एक स्क्रू स्टिकरखाली दडलेला होता. तो राहिला आणि जोर लावला की खोकं तडकतं, असं त्याने सांगितलं. पापुद्र्यांची एक जीभ चकतीच्या काळ्या पट्ट्यांवर दाबून बसवलेली होती. दाबपट्टीचा एक स्क्रू ढिला होता आणि पट्ट्यांवर राखाडी थर चढला होता. तिथे डाख दिलेला नसतो, नुसत्या दाबावर संपर्क टिकलेला असतो. त्याने पेन्सिलीच्या खोडरबराने काळ्या पट्ट्या हलकेच पुसल्या, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रबराचा भुगा काढला आणि दाबपट्टी नीट आवळली. कीबोर्ड जोडला, E दाबलं. काना आला. पाठोपाठ D आणि C. या कामाला एक रुपयाही लागला नाही.

अकरा नंबरमध्येही त्याच जातीचा दोष होता. पण इथे दाबपट्टी घट्ट होती, पट्ट्या स्वच्छ होत्या. त्याने मल्टिमीटर घेतला आणि इथे एक बारीक गोष्ट शिकवली. तार जोडलेली आहे का हे पाहायला मल्टिमीटरची ‘बीप’ वापरतात, पण शाईच्या रेघांचा रोध बराच असतो. रेघ शाबूत असली तरी बीप वाजेलच असं नाही. म्हणून ओहमचा आकडा पाहायचा. बाकीच्या रेघांना आकडा येत होता, एकीला येत नव्हता. पापुद्रे उलगडल्यावर F कळांच्या ओळीखाली बोटाएवढ्या जागेत रेघ काळी-हिरवी होऊन विरलेली दिसली. खिडकीची जागा, पावसाचे तुषार. “इथे डाख देता येत नाही, प्लॅस्टिक वितळतं,” तो म्हणाला. “चांदीचा वाहक रंग मिळतो, पण त्याच्या बाटलीच्या पैशात नवा कीबोर्ड येईल. आणि रेघ एका जागी खाल्ली असेल तर शेजारचीही लवकरच जाणार.” अकरा नंबर बाद.

बाकीच्या कीबोर्डांची हकिगत थोडक्यात. तीन नुसत्या घाणीने अडले होते; फळ्यावरच्या खडूची धूळ, खाऊचे कण. टोप्या काढून, साफ करून बसवल्या की झालं. एकाची पीएस-टू पिन वाकली होती, ती बारीक चिमट्याने सरळ झाली. एकात पाण्याची बाटली सांडली होती, तो गेला. एकाची केबल उंदरांनी चार ठिकाणी कुरतडली होती, तोही गेला. आठांपैकी पाच वाचले, तीन बदलायचे.

माऊसचे दोष वेगळ्या प्रकारचे होते. सातांपैकी तिघांची तक्रार अशी, की एकदा क्लिक केलं तरी दोनदा होतं. फोल्डर निवडायला जावं तर ते उघडतं. चित्र ओढून न्यायला जावं तर वाटेतच सुटतं. मॅडमनी आधी विंडोजमध्ये डबल-क्लिकचा वेग बदलून पाहिला होता. त्याने हा दोष जात नाही. माऊसच्या डाव्या बटणाखाली एक चिमुकला स्विच असतो आणि त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी टकदिशी खाली-वर होते. लाखो वेळा वाकून तिचा ताण कमी होतो, संपर्काच्या जागी बारीक थर धरतो, मग ती टेकताना थरथरते. मूळ थरथर प्रत्येक स्विचमध्ये असते आणि माऊसमधली चकती ती काही मिलिसेकंद गाळते. थरथर त्यापेक्षा लांबली की एका क्लिकचे दोन होतात.

डावा स्विच झिजतो, उजवा क्वचितच वापरला जातो. दोन माऊसचे सेन्सर गेले होते. बाण पडद्यावर उड्या मारत होता आणि खालची काच पुसूनही फरक पडला नाही. ते दोन्ही बादच होणार होते. त्यांच्या उजव्या बटणाखालचे स्विच जवळजवळ कोरे होते. त्या तरुणाने ते काढले आणि दोन डबल-क्लिकवाल्या माऊसच्या डाव्या बाजूला बसवले. तिसऱ्यासाठी वीस रुपयांचा नवा स्विच लागणार होता. स्विचच्या तीन पायांचा जुना डाख काढून नवा द्यायचा, एवढंच काम आहे. पण तापलेली डाखणी हाताळायची सवय हवी. मॅडमनी ते स्वतः केलं नाही आणि अर्जातही तसं स्पष्ट लिहिलं आहे.

उरलेल्या दोघांचा खालचा दिवा केबल हलवली की लागत-विझत होता. केबल माऊसच्या अंगात शिरते तिथे ती रोज वाकते आणि आतली तार तुटते. बाहेरून काही दिसत नाही. तुटलेल्या जागेच्या पुढे केबल कापून आतल्या चार तारा पुन्हा जोडल्या की माऊस चालू होतो. केबल फक्त इंचभर आखूड होते. तारांचा नियम लाल-काळी विजेची, हिरवी-पांढरी माहितीची, असा आहे, पण स्वस्त मालात रंगांवर विसंबू नये. कापण्याआधी आतल्या जोडाजवळचा क्रम फोटो काढून ठेवावा.

हे सगळं तपासून झाल्यावर मॅडमनी दुसरा अर्ज लिहिला. त्यातला मुख्य भाग असा :

‘संगणक कक्षातील एकूण 15 कीबोर्ड व 15 माऊसची तपासणी केली. नादुरुस्त : कीबोर्ड 8, माऊस 7. क्रमांकनिहाय दोष सोबतच्या तक्त्यात नमूद केले आहेत. (अ) कीबोर्ड क्र. 1, 3, 6, 9 व 14 साफसफाई व किरकोळ दुरुस्तीने शाळेतच चालू झाले, खर्च नाही. (ब) माऊस 5 : स्विच बदलणे 3, केबल जोडणे 2, मजुरी प्रत्येकी 50 रु., नवीन स्विच एक 20 रु., एकूण 270 रु. (क) दुरुस्त न होण्यासारखे : कीबोर्ड 3, माऊस 2, नवीन खरेदी 1850 रु. (ड) पुढील सत्रात तास बुडू नयेत म्हणून राखीव कीबोर्ड 2 व माऊस 2. खर्च 1400 रु. एकूण मागणी 3520 रु. सर्व नादुरुस्त साहित्य नवीन घेतल्यास 5350 रु. खर्च आला असता व राखीव साहित्य मिळाले नसते. बाद साहित्य कक्षातील कपाटात क्रमांकासह ठेवले आहे.’

सरांनी मला हा अर्ज दाखवताना शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. “लेखापरीक्षकाला हे दाखवता येतं.” मागणीची रक्कम कमी झाली, हा त्यांच्या दृष्टीने दुसरा मुद्दा होता. पहिला मुद्दा हा, की प्रत्येक वस्तू कुठे आहे ते कागद सांगतो. त्यांचा शेरा : ‘अ, ब व क मंजूर. शाळा व्यवस्थापन व विकास समितीच्या बैठकीत ठेवावे. तीन दरपत्रके घ्यावीत. ड बाबत पुढील हप्ता प्राप्त झाल्यावर. कक्षाची खिडकी सुतारामार्फत दुरुस्त करावी.’

खिडकीच्या दुरुस्तीची मागणी मॅडमच्या अर्जात नव्हती. अकरा नंबरच्या दोषासमोर तक्त्यात ‘कारण : खिडकीतून पावसाचे पाणी’ एवढं लिहिलेलं सरांनी वाचलं आणि त्यावरून ते स्वतःच तिथे पोहोचले. कारणाचा रकाना नसता तर पुढच्या पावसाळ्यात त्या टेबलावरचा नवा कीबोर्डही तसाच गेला असता. उंदरांसाठी शिपाईमामांनी भिंतीतलं केबलचं भोक सिमेंटने बुजवलं. बाटल्या आता दाराबाहेर ठेवायच्या, असं ठरलं. धुळीचं मात्र काही झालेलं नाही. कक्षात अजून खडूचाच फळा आहे आणि पांढऱ्या फळ्याचा खर्च कोणत्या शीर्षात बसवायचा यावर चर्चा चालू आहे.

माझ्या मते ‘ड’ पुढे ढकलायला नको होता. स्वस्त कीबोर्ड आणि माऊस झिजणारच. राखीव नसला की एक माऊस बिघडला तरी एक अख्खी जागा बंद होते आणि पुढचा अर्ज मंजूर होईपर्यंत बंद राहते. 1400 रुपयांसाठी ते परवडत नाही. सरांना मी हे म्हटलंही. त्यांनी विजेच्या बिलाची फाईल पुढे केली.

आता पंधराही जागा चालू आहेत. मॅडमनी कक्षाच्या दाराशी एक वही टांगली आहे. जागेचा क्रमांक, तारीख, काय होतं आहे, कोणत्या कळा बंद आहेत, असे तिचे रकाने आहेत. मुलंच ती भरतात. पहिल्या पानावर आठवीतल्या एकाने लिहिलं आहे, ‘जागा 7 – माऊस चालत नाही.’ खाली मॅडमच्या अक्षरात, ‘म्हणजे काय होतं? दिवा लागतो का?’ आणि पुन्हा मुलाच्या अक्षरात, ‘दिवा लागतो. बाण हलतो. डावं बटण दोनदा लागतं.’

बाद झालेले तीन कीबोर्ड आणि दोन माऊस अजून कपाटातच आहेत. ते निर्लेखित करायला वेगळा प्रस्ताव लागतो आणि ई-कचरा असल्याने भंगारवाल्याला देता येत नाही, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा लागतो. पाच वस्तूंसाठी कोणी तालुक्याला येत नाही. केंद्रातल्या इतर शाळांचा असा माल एकत्र करून एकच प्रस्ताव पाठवावा, असं मॅडमनी सुचवलं आहे. त्यासाठी त्या शाळांनी आधी आपापले बाद कीबोर्ड मोजायला हवेत. मॅडमनी आपल्या तक्त्याचा कोरा नमुना केंद्रप्रमुखांकडे दिला आहे.